एक रुपया जमा झाला, पण एसएमएस कुणाला गेले?

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गावातला एक ओळखीचा मुलगा एका ब्रोकरचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून काम करायचा. चार चांगले शेअर घेऊन ठेवू, एवढाच बाबांचा विचार होता. घरी बसून तासाभरात डिमॅट आणि ट्रेडिंग खातं उघडून देतो, म्हणाला आणि खरंच दिलं. ब्रोकर खरा होता, ॲप खरं होतं, डिमॅट खातंही बाबांच्याच नावावर होतं. म्हणूनच हा प्रकार लिहून ठेवतोय, कारण बनावट ॲपपासून सावध राहणाऱ्यांनाही हा लक्षात येत नाही.

त्या दिवशी बाबांच्या फोनवर तीनच ओटीपी आले. दोन आधारचे: एक कागदपत्रं पडताळायला, दुसरा ई-सहीला. हे आधारला जोडलेल्या नंबरवरच येतात, त्यामुळे तिथे त्याचा इलाज नव्हता. तिसरा बँकेचा. पण ब्रोकरकडे नोंदवायच्या मोबाईल आणि ईमेलचे ओटीपी बाबांकडे आलेच नाहीत. तिथे त्याने स्वतःजवळचं एक सिम आणि बाबांच्या नावाने नुकताच काढलेला ईमेल टाकला होता. "काका, तुम्हाला मेलचा त्रास नको, मी बघतो," असं तेव्हा म्हणाला होता म्हणे.

मग बचत खात्यात ब्रोकरकडून एक रुपया जमा झाला. "बघा काका, बँक लिंक झाली!" त्या एका रुपयावरून ब्रोकर एवढंच तपासतो की खातं चालू आहे आणि नाव जुळतंय. ट्रेडिंग खात्यातून काढलेले पैसे त्याच खात्यात परत येणार, याची त्यातून सोय होते. बचत खात्यातून पैसे बाहेर कसे जातील, याच्याशी त्या रुपयाचा संबंध नाही. तो दरवाजा बँकेच्या ओटीपीने उघडला. ते ई-मँडेट होतं, म्हणजे खात्यातून पैसे वळते करायची आगाऊ परवानगी, मर्यादा एक लाख. आता ॲपमधून कुणीही आकडा टाकला की बँक पैसे ब्रोकरकडे वळते करणार. मेसेजमध्ये मँडेट हा शब्द होता. पण समोर बसलेला माणूस "सांगा, सांगा" करत असताना सत्तरीतला माणूस मेसेज वाचत नाही, फक्त आकडे वाचतो.

आणखी एक खूण होती. त्याने सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागून घेतलं. नुसते शेअर घ्यायला रद्द केलेला चेक पुरतो. उत्पन्नाचा पुरावा लागतो तो फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे भावांवरचे जोखमीचे सौदे, सुरू करायला.

पासबुकात पन्नास-पन्नास हजार वजा होत गेले. नोंदीपुढे ब्रोकरचं नाव असल्यामुळे शेअर घेतले जात आहेत असं बाबा समजत होते. पैसे परत बाबांच्याच बँकेत येऊ शकत असल्यामुळे त्याला ते थेट उचलता येत नव्हते. म्हणून त्याने तोटा विकत घेतला. आम्ही नंतर मिळवलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोट्समध्ये, म्हणजे ब्रोकरच्या व्यवहाराच्या पावत्यांमध्ये, एकच नमुना दिसतो: ज्यात जवळजवळ कुणी व्यवहार करत नाही असा एक लांबचा ऑप्शन, लॉट म्हणजे एक गठ्ठा ५००चा. बाबांच्या खात्याने तो २४ रुपयांना घेतला आणि काही मिनिटांत ४ रुपयांना विकला. एका लॉटमागे १०,००० गेले. अशा जोड्या पुन्हा पुन्हा. बाजारात एकाचा तोटा दुसऱ्याचा नफा असतो. आम्हाला संशय आहे की समोरचं खातं त्याच्याच माणसाचं असावं. कॉन्ट्रॅक्ट नोटवर समोरच्याचं नाव नसतं, ते एक्स्चेंजलाच कळतं. व्यवहाराचे एसएमएस एक्स्चेंज पाठवतं, पण ते त्या दुसऱ्या सिमवर जात होते.

उलगडा एका कागदावरून झाला. मी ब्रोकरकडून डिमॅटचा क्लायंट मास्टर रिपोर्ट मागवला. त्यात मोबाईल, ईमेल, बँक खातं, नॉमिनी, शेअर विकायचा अधिकार कुणाला दिला आहे का, सगळं असतं. मोबाईल आमचा नव्हता. खातं उघडल्याच्या आठवड्यात हा कागद मागून वाचा, मागणं तुमचा हक्क आहे.

आम्ही आधी बँकेत जाऊन मँडेट रद्द केलं, मग संपर्क बदलला. ब्रोकरचं उत्तर आलं की पासवर्ड बरोबर वापरला गेला, म्हणजे व्यवहार तुमचाच. सेबीच्या २०१८च्या परिपत्रकानुसार ऑर्डर ग्राहकानेच दिल्याचा पुरावा ब्रोकरला ठेवावा लागतो, त्याच आधारे लॉगिनचे आयपी पत्ते मागितले. सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार केली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, आता प्रकरण ऑनलाइन तडजोडीकडे आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

आईचं खातं मात्र मी तिच्याच फोनवरून उघडलं. त्याला पेन्शनचं खातं जोडलं नाही; वेगळं, थोडीच रक्कम असलेलं खातं जोडलं. मँडेट नाही, फ्युचर्स-ऑप्शन्स बंद. पैसे लागतील तेव्हा ती स्वतः यूपीआयने ब्रोकरच्या `@valid` असलेल्या आयडीवर पाठवते. सेबीने ऑक्टोबर २०२५पासून नोंदणीकृत ब्रोकरांना हे आयडी दिले आहेत. कुणा प्रतिनिधीच्या खात्यावर एक रुपयाही नाही. पैसे घ्यायची त्याला परवानगीच नसते.