डेडस्टॉकचा एक्सेल तक्ता नऊ महिने वापरल्यानंतर: टॅगमधल्या तीन अक्षरांनी केलेला घोळ

शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंद, म्हणजे वहीतलं डेडस्टॉक, बंद करून एक्सेलवर आले त्याला नऊ महिने झाले. दुसऱ्या एका शाळेकडून तयार तक्ता मिळाला होता: टॅग क्रमांक, वर्णन, खरेदीची तारीख, बिल क्रमांक, मूळ किंमत, ठिकाण, स्थिती आणि शेवटची पडताळणी. हे रकाने सगळ्यांनाच माहीत असतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. पहिल्या तीन महिन्यांत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते. मागच्या महिन्यात ऑडिट झालं आणि माझं मत बदललं. नंतर ते पुन्हा थोडं बदललं, तेही सांगते.

या तक्त्यात टॅग क्रमांकाची सुरुवात खोलीच्या कोडने होते. संगणक कक्षातली सतरावी खुर्ची म्हणजे LAB-CH-017 आणि ग्रंथालयातली आठवी म्हणजे LIB-CH-008. ठिकाणाचा रकाना हाताने भरावाच लागत नाही. टॅगची पहिली तीन अक्षरं उचलून खोलीचं नाव आपोआप येतं:

```
=VLOOKUP(LEFT(A2,3),Locations!A:B,2,FALSE)
```

४१२ वस्तूंची ठिकाणं एका फटक्यात भरली गेली तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. तीच सोय पुढे नडली.

ऑडिटरांनी दोन बाजूंनी तपासणी केली. आधी तक्त्यातल्या पंधरा ओळी निवडल्या आणि म्हणाले, "या वस्तू दाखवा." म्हणजे नोंद आहे ती वस्तू खरोखर आहे का. मग खोल्यांमध्ये फिरून त्यांनी स्वतः दहा वस्तूंवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही तक्त्यात कुठे आहे?" म्हणजे वस्तू आहे, पण नोंद राहिली आहे का. दुसऱ्या बाजूची तयारी मी केलीच नव्हती. देणगीत आलेलं एक कपाट तिथेच सापडलं. त्याचं बिल नाही, म्हणून त्याची नोंदही नव्हती.

पण खरी गडबड पहिल्या बाजूला झाली. पंधरापैकी LAB-CH-017 संगणक कक्षात मिळेना. कक्षात ३६ खुर्च्या असायला हव्यात, मोजल्या तर ३६ भरल्या. ग्रंथालयात २४ हव्यात, तिथेही २४. मी दर तीन महिन्यांनी असंच मोजत होते आणि समोर "जुळले" लिहीत होते. ऑडिटर म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुर्च्या मोजल्यात. टॅग वाचलेत का?"

मग शिपाई मामांनी एकेक खुर्ची उलटी केली आणि मी बैठकीखालचे टॅग वाचत गेले. परीक्षेच्या वेळी दोन्ही खोल्यांतल्या खुर्च्या सभागृहात नेल्या होत्या. परत आणताना ज्या हाताला लागल्या त्या आणल्या. दोन्हींचा सांगाडा, रंग, बनावट एकच. खरेदीत मात्र सहा वर्षांचं अंतर. बारा नव्या खुर्च्या ग्रंथालयात आणि बारा जुन्या संगणक कक्षात गेल्या होत्या. बेरीज दोन्हीकडे बरोबर, म्हणून कुणाला शंका आली नाही. आणि तक्त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. टॅगवर LAB आहे तोवर तो "संगणक कक्ष" हेच दाखवणार, खुर्ची कुठेही असो.

यात एवढं काय बिघडलं, असं आमच्याकडेही काहींनी म्हटलं. बिघडलं असतं ते असं. निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी सामान नोंदीतून काढून टाकण्याच्या, प्रस्तावात मी "ग्रंथालयातील खुर्च्या, नग ५" एवढंच लिहिलं होतं. या पाच खुर्च्यांचे पाय जोडाजवळ ढिले झाले आहेत. त्यांपैकी चार आता संगणक कक्षात होत्या. प्रस्ताव मंजूर झाला असता तर मामांना ग्रंथालयात एकच डुगडुगणारी सापडली असती, आणि पाचचा आकडा भरायला चार धड खुर्च्या भंगारात गेल्या असत्या. त्या चार तक्त्यात तशाच राहिल्या असत्या आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं घसारा लागत राहिला असता. ढिल्या पायांच्या चार खुर्च्या मात्र कागदावरून गेल्या असत्या आणि मुलं त्यांच्यावर बसत राहिली असती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

त्या संध्याकाळी मी इतकी चिडले होते की सगळे टॅग काढून १ पासून नवे क्रमांक द्यायचं ठरवलं होतं. ऑडिटरांनीच थांबवलं. मागच्या ऑडिटचे कागद, बिलांवरच्या नोंदी, दुरुस्तीच्या पावत्या, सगळीकडे जुनेच क्रमांक आहेत. ते बदलले की जुन्या कागदाचा आणि वस्तूचा धागा तुटतो. विचार केल्यावर मलाही पटलं. LAB-CH-017 हे एका खुर्चीचं नाव म्हणून चालेल. त्या नावावरून तिचा पत्ता काढणारं सूत्र चालणार नाही. म्हणून टॅग तसेच ठेवले आणि सूत्र काढून टाकलं. ठिकाणाच्या रकान्यात आता खोल्यांची यादी उघडते, त्यातून निवडायचं. नव्या वस्तूंना मात्र खोलीचा कोड नाही, साधा चार अंकी क्रमांक देते. इथे एक सांगते: तो रकाना आधी Text करून घ्या. नाहीतर 0413 टाइप केलं की एक्सेल 413 करून ठेवतं, आणि नंतर 0413 शोधलं की सापडत नाही.

हलवाहलवीसाठी वेगळं पान जोडलं आहे. टॅग, कुठून, कुठे, तारीख आणि कुणी नेलं, एवढंच. परीक्षेसारखी तात्पुरती ने-आण त्यात लिहीत नाही, पण सामान परत जागेवर लागलं की त्या खोल्यांचे टॅग त्याच आठवड्यात वाचते.

स्थितीच्या रकान्याबद्दल माझी तक्रार तक्त्यापेक्षा भरण्याच्या पद्धतीवर आहे. आमच्याकडे चारशेच्या वर ओळींत नुसतं "ठीक" होतं. एका प्रोजेक्टरसमोरही तेच होतं. वर्गातल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "खिडक्या बंद केल्याशिवाय काही दिसत नाही, आणि अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो." आता तिथे लिहिलं आहे: "दुरुस्तीयोग्य. प्रकाश मंद, सुमारे ३० मिनिटांनी बंद पडतो." पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्टर वीस मिनिटांत बंद पडायला लागला तर बिघाड वाढला हे नोंदीवरून कळेल. "ठीक"वरून काही कळलं नसतं. पहिला शब्द चालू, दुरुस्तीयोग्य, बंद किंवा निर्लेखन यांपैकीच एक ठेवते, म्हणजे फिल्टरची चाळणी लावता येते. पुढे जे दिसलं ते साध्या वाक्यात.

एका रकान्यावर मात्र मी मनापासून खूश आहे, तो म्हणजे शेवटच्या पडताळणीची तारीख. टॅग डोळ्यांनी वाचला तरच ती बदलायची, असं ठरवलं आहे. फेरी संपली की जुन्या तारखांवर चाळणी लावते, आणि न सापडलेल्या वस्तूंची यादी समोर येते. परवाच्या फेरीत सात निघाल्या. पाच मिळाल्या, त्यांतल्या दोन संगणकांचे टॅग पुसले गेले होते. पाठीवर चिकटवलेले कागदी टॅग सततच्या घासण्याने जातात, खुर्च्यांच्या बैठकीखालचे टिकतात. संगणकांचे मी कंपनीचे सीरियल क्रमांकही लिहून ठेवले होते, म्हणून ते दोन्ही ओळखता आले.

उरलेल्या दोन वस्तू म्हणजे एक तराजू आणि एक भिंतीवरचं घड्याळ. त्यांची तारीख जुनीच ठेवली आहे. प्रयोगशाळेचं मागचं कपाट सोमवारी उघडतील, तेव्हा मामांबरोबर आधी तिथे पाहणार आहे.