चौदा महिने, 4,080 पॉइंट आणि 700 रुपयांनी हुकलेली शुल्कमाफी

पहिल्या वर्षी हे क्रेडिट कार्ड फुकट होतं. दुसऱ्या वर्षापासून 1,500 शुल्क, करासकट 1,770, आणि आधीच्या बारा महिन्यांत दोन लाख खर्च झाला असेल तर ते माफ. दर 150 रुपयांमागे 4 पॉइंट, व्हाउचर घेतलं तर एका पॉइंटचा अर्धा रुपया, बिलात वळते केले तर पाव रुपया. या वर्गातली कार्डं साधारण अशीच असतात, त्यामुळे बाकी वैशिष्ट्यांवर वेळ घालवत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तिथे येतेच, पण आधी शुल्कमाफीचं काय झालं ते सांगते.

अकराव्या महिन्याच्या शेवटी, दोन लाखांपैकी किती खर्च झाला ते दाखवणारी ॲपमधली हिरवी पट्टी 1,78,000 वर होती. माझा महिन्याचा खर्च पंधरा हजारांच्या आसपास असतो, म्हणजे वर्ष 1,93,000 वर संपणार होतं. सात हजार कमी पडत होते. घरात एक चालू स्पीकर असताना मी 9,500 चा दुसरा घेतला. 1,770 वाचवायला 9,500 घालवले, आणि तेव्हा ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं, कारण पट्टी भरत आली होती. बाराव्या महिन्यात पट्टी 2,02,500 वर गेली. मग शेवटच्या आठवड्यात, माप चुकलं म्हणून महिनाभर आधी परत केलेल्या बुटांचे 3,200 जमा झाले. वर्ष संपलं तेव्हा आकडा 1,99,300 होता. पुढच्या स्टेटमेंटमध्ये 1,770 लागलेले.

ग्राहक सेवेला फोन केला. "मॅडम, रिफंड झालेली रक्कम खर्चात धरत नाही," एवढंच उत्तर. अटी वाचल्या तर तसंच लिहिलेलं आहे, आणि ते चूकही नाही. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, इंधन हेसुद्धा दोन लाखांत धरत नाहीत. वर्ष मोजलं जातं ते कार्ड दिल्याच्या तारखेपासून, जानेवारीपासून नव्हे. व्यवहार धरला जातो तो खात्यात पक्का झाल्याच्या दिवशी, कार्ड ओढल्याच्या दिवशी नव्हे. म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांत केलेली खरेदी पुढच्या वर्षात जाऊ शकते. हे सगळं मान्य. पण ॲपमधल्या पट्टीवर यातलं काहीही लिहिलेलं नाही, फक्त "तुम्ही 91 टक्के पूर्ण केलंत". रिफंड वजा होतो, एवढी एक ओळ तिथे असती तर मी तो स्पीकर घेतलाच नसता.

या पट्टीचं माणसावर काय होतं याचा एक जुना प्रयोग आहे. 2006 मध्ये नून्स आणि द्रेझ या दोन संशोधकांनी गाडी धुण्याच्या एका केंद्रावर 300 ग्राहकांना शिक्क्यांची कार्डं दिली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामी घरं होती. उरलेल्यांच्या कार्डावर दहा घरं होती, पण त्यातल्या दोनांवर शिक्के आधीच मारून दिलेले. दोघांनाही मोफत धुलाईसाठी आठच फेऱ्या करायच्या होत्या. रिकाम्या कार्डवाल्यांपैकी 19 टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दोन शिक्के मिळालेल्यांपैकी 34 टक्क्यांनी. फरक फक्त "सुरुवात झालेली आहे" या भावनेचा. मी नवव्या महिन्यापर्यंत पट्टीकडे पाहिलंही नव्हतं. 80 टक्के दिसल्यापासून आठवड्यातून दोनदा ॲप उघडायला लागले.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे. 150 चे तुकडे.

पॉइंट प्रत्येक व्यवहारावर वेगळे मोजतात, आणि प्रत्येक वेळी 150 चे पूर्ण तुकडेच धरतात. 140 चं बिल झालं तर शून्य पॉइंट. 290 चं झालं तर 4 पॉइंट आणि वरचे 140 वाया. मी एका महिन्याचं स्टेटमेंट घेऊन कागदावर मांडलं. 41 व्यवहार, एकूण 15,120 रुपये. एकूण रकमेवर मोजलं असतं तर 100 तुकडे, म्हणजे 400 पॉइंट झाले असते. मिळाले 312, म्हणजे 78 तुकडे. तीन हजारांहून जास्त खर्च हिशेबात आलाच नाही.

हे माझ्याच नशिबी आलं असं नाही. बिलं वेगवेगळ्या रकमांची असली की दर व्यवहारामागे साधारण अर्धा तुकडा, म्हणजे 75 रुपये, वाया जातो. 41 व्यवहार म्हणजे साधारण 3,075. माझं सरासरी बिल 370 च्या आत आहे, त्यातले 75 गेले की पाचवा हिस्सा गेला. जाहिरातीत 4 पॉइंट भागिले 150, गुणिले अर्धा रुपया, असा 1.33 टक्के परतावा दिसतो. त्या महिन्यात मला पडला 1.03 टक्के. तुमच्या कार्डावर हे पाहायचं असेल तर सोपं आहे. एका महिन्याचे मिळालेले पॉइंट घ्या, व्हाउचर किंवा बिलात वळते, तुम्ही खरोखर जे घेता त्यातल्या एका पॉइंटच्या किमतीने त्यांना गुणा आणि त्या महिन्याच्या खर्चाने भागा. जाहिरातीचा दर बाजूला ठेवा.

वर्षभराचे माझे 4,080 पॉइंट झाले, म्हणजे 2,040 रुपये. शुल्क 1,770. पहिल्या नजरेला वाटतं, शुल्क वसूल होऊन वर 270 उरले. मलाही तसंच वाटलं होतं, आणि सहाव्या महिन्यात बहिणीला मी हे कार्ड घे म्हणून सांगितलंही होतं. ते मी परत घेते. माझ्याकडे आधीपासून एक शुल्क नसलेलं साधं कार्ड आहे, महिन्याच्या एकूण रकमेवर सरळ एक टक्का कॅशबॅक देणारं. हाच 1,99,300 चा खर्च त्यावर केला असता तर 1,993 मिळाले असते, काहीही न करता. म्हणजे नव्या कार्डाने मला मिळवून दिले ते 2,040 नव्हेत, फक्त 47. शुल्क वसूल व्हायचं ते त्या 47 मधून.

तेही हातात येत नाहीत. व्हाउचर 500 चंच मिळतं, म्हणजे 1,000 पॉइंटच्या पटीत. 80 पॉइंट अडकून राहिले. एका वेळच्या मागणीवर 99 चं प्रक्रिया शुल्क. हातात आले 1,901, जुन्या कार्डापेक्षा 92 कमी. बिलात वळते केले असते तर पाव रुपयाप्रमाणे 1,020 झाले असते, म्हणजे जुन्या कार्डाच्या जवळपास निम्मे.

इथपर्यंत लिहून मी दादाला दाखवलं. तो म्हणाला, "कार्डाला दोष देऊ नकोस, तुझी बिलं बघ." त्याच्याकडे हेच कार्ड आहे. ऑफिसचे प्रवास आणि मुक्काम तो त्यावर भरतो आणि ऑफिस त्याला पैसे परत देतं. वर्षाला सहा लाख, पण व्यवहार फक्त सत्तर. त्याचे वाया जाणारे तुकडे 70 गुणिले 75, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. सहा लाखांत ते जाणवतही नाहीत. त्याला साधारण 15,860 पॉइंट मिळतात, म्हणजे 7,930 रुपये. एक टक्क्याच्या कार्डावर 6,000 मिळाले असते. फायदा 1,930. शुल्कमाफीचे दोन लाख त्याचे चार महिन्यांतच होतात. त्याने त्यासाठी एकही वस्तू विकत घेतलेली नाही, कारण हा खर्च त्याच्या इच्छेवर नाहीच.

त्याचा मुद्दा मी मान्य करते. मोठी बिलं, थोडे व्यवहार आणि एरवीही होणारा खर्च असेल तर हे कार्ड एक टक्क्याच्या पुढे जातं. पण शुल्क माफ झालं नसतं तर सहा लाखांच्या खर्चावरही त्याला फक्त 160 उरले असते. तिघांच्या घरात असा खर्च कितीजणांचा असतो? ठरावीक दुकानांवर पाच टक्के देणारी कॅशबॅक कार्डं याहून सोपी वाटतात, पण तिथे महिन्याची मर्यादा आधी पाहा. मर्यादा 500 असेल तर 10,000 च्या पुढच्या खर्चावर काही मिळत नाही, आणि "पाच टक्के आहेत ना" म्हणत पुढचाही खर्च त्याच कार्डावर होतो.

व्याजाचं एकच उदाहरण. माझ्या कार्डावर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्के लागतात. एका महिन्याचे पंधरा हजार राहिले तर 525 रुपये. माझ्या महिन्याच्या 312 पॉइंटची किंमत 156. एकदा बिल राहिलं की तीन महिन्यांचे पॉइंट गेले. माझं कधी राहिलं नाही, म्हणून वरच्या हिशेबात ते नाही.

शुल्काच्या भांडणाचं पुढे काय झालं तेही सांगते. तिसऱ्या फोनवर मी कार्ड बंद करायचं म्हटलं, तेव्हा दुसऱ्या विभागातल्या बाईंनी प्रस्ताव दिला: 60 दिवसांत 30,000 खर्च करा, शुल्क परत करू. या वेळी आधी माझे मागचे दोन महिने तपासले. 31,000 च्या आसपास होते, वेगळं काही घ्यावं लागणार नव्हतं, म्हणून हो म्हटलं. प्रस्ताव ईमेलवर लेखी मागितला आणि रिफंड वजा होणार का हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घेतलं. होतो. म्हणून त्या दोन महिन्यांत ऑनलाइन कपडे-चपला सगळं जुन्या कार्डावर घेतलं, परत करायची वेळ आली तरी या आकड्याला धक्का लागू नये म्हणून. 1,500 परत आले. त्यावरचा 270 चा कर परत मिळत नाही, हे मात्र प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं. त्याबद्दल मी तक्रार नोंदवली आहे, उत्तर यायचंय.

छोटी बिलं आता पुन्हा जुन्या एक टक्क्याच्या कार्डावर जातात. या कार्डावर फक्त 3,000 च्या वरची बिलं, तीही अटींत धरली जाणारी. तेवढ्यावर दोन लाख होणार नाहीत, हे मला आजच माहीत आहे. म्हणून वर्ष पूर्ण व्हायच्या एक महिना आधीची तारीख फोनमध्ये टाकली आहे. कार्ड बंद केलं की उरलेले पॉइंट बुडतात, त्यामुळे आधी व्हाउचर घेईन आणि मग बंद करायचा अर्ज देईन. स्पीकर अजून खोक्यातच आहे. विकायला काढलाय, आतापर्यंत जास्तीत जास्त 6,000 ची मागणी आली आहे.