नंबरच्या काचा बसवून सात महिने वापरलेला कॅमेऱ्याचा चष्मा

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना -४.५०, थोडा सिलिंडर, आणि गेल्या दोन वर्षांत चाळिशीही लागली. म्हणजे चष्मा काढला की समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो. रे-बॅन मेटाचा दुसऱ्या पिढीचा वेफेरर, म्हणजे कॅमेरा आणि स्पीकर असलेला चष्मा, घेतला तेव्हा इंटरनेटवर जेवढे अनुभव वाचले, ते बहुतेक साध्या किंवा गॉगलच्या काचांवर लिहिलेले होते. ज्यांना तो चष्मा मनात आलं की काढून ठेवता येतो, त्यांचे. मला तो काढता येत नाही, आणि सात महिन्यांत जे काही शिकले ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मी कोल्हापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकात दोन्ही हात अडकलेले असताना ब्युरेट आणि फ्लास्क मुलांना माझ्या डोळ्यांनी दिसावा, म्हणून हा चष्मा घेतला. भारतात याची किंमत ३९,९०० रुपयांपासून सुरू होते. नंबरच्या काचांचा खर्च वेगळा, आणि लांबचं-जवळचं एकाच काचेत देणाऱ्या प्रोग्रेसिव्ह असतील तर तो बराच वेगळा.

काचांचं आधी सांगते, कारण खरी मेहनत तिथेच आहे. माझी फ्रेम ५०-२२ मापाची. म्हणजे एका काचेची रुंदी ५० मिलिमीटर आणि दोन काचांमधलं अंतर २२. दोन्ही मिळून ७२. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला चष्म्याच्या दुकानात पीडी म्हणतात, ते ६२. याचा अर्थ प्रत्येक काचेचा मध्यबिंदू ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. मायनसची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते, त्यामुळे मध्य जितका नाकाकडे सरकेल तितकी कानाकडची कड जाड होते. काचेच्या इंडेक्सचा आकडा जितका मोठा तितकी ती पातळ. माझ्या नंबरला साध्या १.५० इंडेक्सच्या काचेची ती कड साधारण ५.४ मिलिमीटर भरते, १.६० ला ४.७ आणि १.६७ ला ४.३. माझ्या जुन्या ४८-१८ च्या फ्रेममध्ये १.६० चीच काच ३.८ वर भागत होती.

मिलिमीटरभराच्या फरकाने काय होतं, असं वाटेल. साध्या फ्रेमला फक्त दिसायला वाईट. इथे जाड कड फ्रेमच्या मागे नेमकी काडीच्या सांध्यापाशी येते, आणि या काड्या आधीच जाडजूड आहेत, कारण बॅटरी, स्पीकर, सर्किट सगळं त्यांच्यात आहे. काडी पूर्ण मिटली नाही तर चष्मा केसमध्ये नीट बसत नाही, आणि केसमध्ये बसला नाही तर चार्ज होत नाही. मी १.६७ घेतली. काडी मिटते, पण कडेपासून फारशी जागा उरत नाही. कंपनी स्वतः बसवून देते त्या काचांना -६.०० ते +४.०० अशी मर्यादा आहे. माझ्यापेक्षा जास्त नंबर असेल तर मर्यादेत बसतो एवढ्यावर समाधान मानू नका, कड किती येईल हा आकडा आधी मागा.

मी काचा बाहेरच्या दुकानातून बसवल्या. पहिल्या दुकानातल्या माणसाने नेहमीच्या सवयीने फ्रेम गरम करायचं यंत्र सुरू केलं. प्लास्टिकची फ्रेम तापवून मऊ करायची आणि काच आत दाबायची, हीच रीत आहे. मी तिथेच थांबवलं. या फ्रेमच्या आत लिथियमची बॅटरी आणि पुढच्या कोपऱ्यात कॅमेरा आहे, तिला उष्णता चालत नाही. काच थंड फ्रेममध्येच दाबून बसवावी लागते, आणि त्यासाठी ती केसभर लहान घासलेली असावी लागते. मोठी राहिली तर बसते, पण फ्रेम तिला सतत आवळत राहते. काचेतला तो ताण घरी पाहता येतो. लॅपटॉपचा पांढरा पडदा लावायचा, त्यासमोर चष्मा धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून त्याच्याकडे बघायचं. काचेच्या कडेला रंगीत पट्टे दाटलेले दिसले तर तिथे दाब आहे. पॉलीकार्बोनेटच्या काचेत असे रंग थोडेफार तसेही दिसतात, त्यावरून लगेच दुकानदाराशी भांडू नका. तापवता येत नाही म्हणून काड्याही कानामागे वाकवून घेता येत नाहीत. आणि घासलेली काच धुवायला दुकानात थरथरणाऱ्या पाण्याची टाकी असते, तिच्यात ही फ्रेम बुडवू देऊ नका. पावसाचे शिंतोडे तिला चालतात, बुडवणं नाही.

दुसऱ्या दुकानात काम नीट झालं, पण एक चूक झाली आणि ती आम्हा दोघांची होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझा जुना चष्मा २७ ग्रॅम भरतो. हा मुळात ५० ग्रॅमच्या आसपासचा, माझ्या काचांसकट ५८. माझ्या नाकाचा दांडा बसका आहे, आणि या फ्रेमला हलवता येतील असे नाकाचे पॅड नाहीत. घामाने चष्मा सरकायला लागला. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, खालचा वाचायचा आणि मधे संगणकाच्या अंतराचा अरुंद पट्टा असतो. चष्मा तीन-चार मिलिमीटर खाली आला की वाचायचा भागही तेवढाच खाली जातो, मग पुस्तक वाचताना हनुवटी वर करावी लागते. संध्याकाळपर्यंत मान धरायची.

म्हणून मी सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड आणून लावले. सरकणं थांबलं, पण आता लांबचं धूसर! फळ्याच्या मागच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला मला मान खाली घालावी लागत होती. दोन दिवस वाटलं की नंबर बदलला. मग आरशासमोर पट्टी धरून मोजलं, तर पॅडमुळे फ्रेम २ मिलिमीटर वर गेली होती. काचेवर बाहुलीसमोर यायची खूण बाहुलीच्या वर गेली होती आणि मी सरळ बघताना मधल्या पट्ट्यातून बघत होते. दुकानदाराने माप पॅडशिवाय घेतलं होतं आणि पॅड लागतील हे मीही तेव्हा सांगितलं नव्हतं. काचा पुन्हा करून घ्याव्या लागल्या, अर्ध्या किमतीत. तेव्हा पॅड लावायचे असतील तर आधी लावा, चष्मा तासभर घालून बसू द्या आणि मग उंचीचं माप घ्या. ते मापही याच फ्रेमवर, उभं राहून. पॅड लावताना एक जपायचं. चार्जिंगचे धातूचे ठिपके नाकाच्या पुलाच्या आतल्या बाजूला आहेत. पॅड त्यांच्यावर गेला किंवा घामाची पुटं चढली तर केसमध्ये ठेवूनही चार्ज होत नाही. मी आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसते.

वजनाची सवय होते का? नाकाला झाली, कानामागे नाही. सलग पाच तासांनंतर कानामागे हुळहुळतं. एप्रिलमध्ये तर दुपारी काढून ठेवावासाच वाटायचा.

बॅटरीबद्दल कंपनी नेहमीच्या वापरात ८ तास सांगते, आणि केसमध्ये २० मिनिटांत निम्मी भरते असंही. माझ्यासारख्या थोड्या वापराला ती पुरते. अडचण वेगळी आहे. चष्मा फक्त केसमध्येच चार्ज होतो, नाकावर असताना नाही. साधी नजर असलेल्याला ती वीस मिनिटं काहीच नाहीत. मला मात्र तेवढा वेळ दुसरा चष्मा लागतो. आता आंघोळ आणि दुपारचा डबा या दोन वेळा त्यासाठी ठरल्या आहेत. बॅटरी संपली तरी तो नंबरचा चष्मा म्हणून चालत राहतो, हे मात्र फार मोलाचं.

स्पीकरबद्दल थोडक्यात. कान मोकळे राहतात, घरात गाणी आणि फोन दोन्ही छान. एसटीत काही ऐकू येत नाही, आणि शांत स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीला माझ्या फोनवरचा माणूस ऐकू येतो.

कॅमेरा ज्यासाठी घेतला तिथे उपयोगी पडला. मात्र भिंग खूप रुंद दृश्य घेतं, म्हणून ब्युरेटच्या रेघा बारीक दिसतात आणि बरंच जवळ जावं लागतं. शिवाय कॅमेरा फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. माझी नजर द्रवाच्या पातळीशी समांतर असते तेव्हा कॅमेरा ती किंचित वरून बघतो आणि व्हिडिओत वाचन चुकीचं दिसतं. मुलांना आपण पॅरॅलॅक्सची जी चूक टाळायला सांगतो, तीच. आता मी चित्रीकरणापुरतं डोकं तेवढं खाली घेते आणि वाचन तोंडी सांगते.

पण हाच कॅमेरा दिवसभर माझ्या चेहऱ्यावर असतो. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, आत्ता रेकॉर्ड होतंय का?" होत नव्हतं. चित्रीकरण चालू असताना समोर पांढरा दिवा लागतो, आणि तो झाकला तर कॅमेरा फोटो घ्यायला नकार देतो. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण मला तो दिवा माहीत असायला हवा ना." तिचं बरोबर होतं. शिवाय कॉलेजच्या मैदानावर दुपारी बाराला एका सहकाऱ्याला दहा पावलांवर उभं करून पाहिलं, तर भर उन्हात तो बारीक दिवा लागलाय की नाही हे तिला खात्रीने सांगता येईना. व्हरांड्यात लगेच दिसला. डाव्या काडीच्या आत चष्मा पूर्ण बंद करायचं बटण आहे, पण ते बंद आहे हे फक्त मला कळतं.

मग ठरवत गेले. विद्यापीठाच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून मोबाइल बाहेर ठेवून आत जाते, तिथे हा चष्मा घालून उभं राहणं मला पटत नाही. मुलींचं स्वच्छतागृह, दवाखाना, बँकेचा लॉकर, फोटोला मनाई असलेलं मंदिर, कुणाच्या घरची दुःखाची भेट, सगळीकडे तेच. साध्या नजरेचा माणूस अशा ठिकाणी चष्मा खिशात टाकतो. मला त्यासाठी दुसरा, त्याच नंबरचा, चालू चष्मा हवा. वर्गात मुलांचे चेहरे घेत नाही, फक्त टेबल आणि हात, आणि सुरू करण्याआधी मोठ्याने सांगते. ‘हे मेटा’ ही हाक ऐकायची सोयही बंद करून ठेवली आहे, कारण तशा बोललेल्या आज्ञांचे आवाज कंपनीकडे वर्षभरापर्यंत साठू शकतात आणि वर्गात बोलणारी मी एकटी नसते. फोटो काडीवरचं बटण दाबून काढते.

जुन्या २७ ग्रॅमच्या फ्रेममध्येही त्याच दुकानातून ताज्या नंबरच्या काचा टाकून घेतल्या. पर्समध्ये आता दोन केस असतात. पुढच्या महिन्यात डोळे तपासायचे आहेत. नंबर पाव पॉइंटने हलला तर जुनी फ्रेम लगेच बदलेन. या फ्रेममधून काच पुन्हा थंडच दाबून काढावी लागणार, त्यामुळे ती निघताना कडेला किती ताण येतो हे दुकानदाराला विचारून मगच ठरवेन.