बारीक, चप्पट केसांना उठाव: कट बदलावा, धुणं बदलावं की मूस आणावा?

केस चपटे बसतात म्हणून पहिली धाव बाटलीकडे असते, दुसरी पार्लरकडे. धुण्याची पद्धत बदलायचं कुणाच्या फारसं मनातही येत नाही. या तिन्ही उपायांनी तीन वेगवेगळ्या तक्रारी सुटतात, त्यामुळे आपली तक्रार कोणती हे आधी ओळखलं तर पैसे आणि केस दोन्ही वाचतात.

बारीक केस बसतात ते वजनामुळे, असा सर्रास समज आहे. खरं कारण ताठपणाचं आहे. केसाचा व्यास निम्मा झाला की त्याचं वजन चौथाई होतं, पण वाकायला तो जो विरोध करतो तो मात्र सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे बारीक केस हलका असूनही स्वतःला मुळाशी उभं धरू शकत नाही. त्यावर टाळूचं तेल चढलं की केस एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधली हवा जाते. केस बारीक असणं आणि विरळ असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवा. चिमटीत धरलेला एक केस जेमतेम जाणवतो, पण पोनी बांधली की मूठ भरते, असे बारीक आणि दाट केसही पुष्कळांचे असतात.

आता चाचणी. एकदा नेहमीच्या शाम्पूने डोकं धुवा, कंडिशनर लावू नका, दुसरंही काही लावू नका आणि केस पूर्ण वाळवा. मग ते केव्हा बसतात ते पाहा. वाळल्यावर लगेच चपटे दिसले तर कटाकडे बघा. पहिला दिवस बरा गेला आणि दुसऱ्या दिवशी मुळं चिकटली तर दोष धुण्यात आहे. सकाळी छान उठलेले केस काही तासांत, विशेषतः दमट हवेत, खाली आले तर मूससारख्या, म्हणजे केसांचा आकार धरून ठेवणाऱ्या फेसासारख्या गोष्टीचा उपयोग होईल. आणि नेहमी कंडिशनर लावणाऱ्यांचे केस या चाचणीतच एकदम उठले, तर दुसरं काही बदलायच्या आधी कंडिशनर कुठे आणि किती लागतोय ते तपासा.

रोज धुणं की अंतर वाढवणं

माझं मत सरळ आहे: बारीक, सरळ केसांना एक दिवसाआड धुणं बहुतेकांना मानवतं, आणि टाळू फार तेलकट असेल तर सौम्य शाम्पूने रोज धुण्यातही गैर नाही. ‘कमी धुवा, म्हणजे टाळू तेल कमी करायला शिकेल’ हा सल्ला खूप फिरतो, पण तेलाच्या ग्रंथी मुख्यतः हार्मोनच्या तालावर चालतात, शाम्पूच्या वेळापत्रकावर नाही. कोंड्याशी संबंध असलेली मॅलासेझिया ही बुरशी टाळूच्या तेलावरच जगते. तेलकट, खाजऱ्या टाळूवर अंतर वाढवलं तर उठाव जातो आणि कोंडाही बळावतो.

उलट बाजूही आहे. धुतल्यावर टाळू ताणल्यासारखी वाटत असेल किंवा बारीक, कोरडी पांढरी साल सुटत असेल, तर शाम्पू जहाल आहे किंवा पाणी फार गरम आहे. आधी या दोन गोष्टी बदला, दिवस नंतर मोजा.

पद्धतीतला फरक छोटा वाटतो, पण परिणाम मोठा होतो. शाम्पू आधी तळहातावर पाण्यात मिसळायचा आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला चोळायचा, नखं लावायची नाहीत. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच, नंतर भरपूर पाणी. कंडिशनर सोडू मात्र नका. बारीक केस गुंतून लवकर तुटतात आणि तुटलेल्या टोकांनी घेर आणखी कमी दिसतो.

एका रेषेतला कट की लेअर

‘लेअर दिले की केस फुगतील’ हे दाट केसांबाबत खरं ठरतं. बारीक केसांत जास्त लेअर दिले की खालच्या टोकांना केसच उरत नाहीत आणि उजेडात आरपार दिसतं. हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंतची लांबी आणि एका रेषेत कापलेली टोकं, हा माझ्या लेखी सर्वांत खात्रीचा कट आहे. सगळी टोकं एकत्र आल्यामुळे कड भरीव दिसते. चेहऱ्याभोवती हालचाल हवीच असेल तर एक-दोन लांब लेअर पुरे. दातेरी कात्रीने किंवा वस्तऱ्याने केस विरळ करू नका, असं आधीच सांगून ठेवा.

कटचा एक मोठा गुण म्हणजे टाळूला त्याचा काहीही त्रास नाही. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे: तेलकट मुळं कोणत्याही कटने उठत नाहीत.

मूस, पावडर, ड्राय शाम्पू

यात मी मूसच्या बाजूने आहे. ओल्या केसांतले हायड्रोजन बंध सुटलेले असतात आणि केस ज्या आकारात वाळतो त्या आकारात ते पुन्हा जुळतात. मूसमधलं पॉलिमर त्यावर पातळ थर धरतं. खांद्यापर्यंतच्या केसांना लिंबाएवढा फेस पुरतो. टॉवेलने टिपलेल्या केसांना मुळांपासून थोडं वर लावा, डोकं खाली झुकवा आणि ड्रायर मध्यम आचेवर, साधारण 15 सेंमी लांब, सतत हलता ठेवा. केस पूर्ण वाळल्यावर शेवटी गार हवा द्या. मुळाशी ओल राहिली तर सगळी मेहनत तासाभरात बसते.

उठावाची पावडर केसांमधलं घर्षण वाढवते, म्हणून क्षणात फुगवटा येतो, पण स्पर्श खरखरीत होतो आणि विंचरताना केस तुटतात. समारंभापुरती ठीक. ड्राय शाम्पू तेल शोषतो, टाळू स्वच्छ करत नाही. दोन धुण्यांच्या मध्ये एकदाच वापरा आणि त्या रात्री झोपण्याआधी ब्रशने झाडून काढा. खाज सुटली, केस बाजूला सरकवताना मुळं दुखली किंवा नखात मेणचट थर आला, तर टाळूवर थर साचू लागला आहे. तेव्हा सगळं थांबवून टाळू नीट धुवा.

एक उदाहरण

समजा केस पाठीच्या मध्यापर्यंत आहेत, लेअर आहेत, आठवड्यातून दोनदा धुणं, कंडिशनर मुळांपासून आणि मधल्या दिवसांत रोज ड्राय शाम्पू. चाचणीत पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या दुपारी भांगाजवळ केस चिकटले, टोकं आरपार दिसली. इथे मी पहिले दोन आठवडे फक्त धुणं बदलेन: एक दिवसाआड, कंडिशनर कानाखाली, ड्राय शाम्पू बंद. धुणं, कट आणि मूस यांपैकी एका वेळी एकच बदललं तरच फरक कशामुळे पडला ते कळतं. मुळं उठू लागली की आरपार दिसणारी टोकं एका रेषेत कापायची. लांबी सोडवत नसेल तर जिथे केस भरीव होतात तिथपर्यंतच कापा. मूस शेवटी, आणि तोही कट झाल्यावर केस दुपारपर्यंत टिकत नसतील तरच.

मात्र भांग महिन्यागणिक रुंद होत असेल, गोल चट्टे पडत असतील किंवा पोनीचा घेर उतरत चालला असेल, तर हा उठावाचा नव्हे, केस गळण्याचा प्रश्न आहे. तेव्हा कटची वेळ घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.