उताणं झोपू न देणारा पट्टा: वजन उतरल्यावर काय होतं?

हा रिव्ह्यू छातीला बांधायच्या, पाठीवर फोमचा ठोकळा असलेल्या पट्ट्याचा आहे. स्लीप ॲप्निया आहे, उताणं झोपलं की वाढतो आणि डॉक्टरांनी 'कुशीवर झोपा' असं सांगितलंय, एवढं गृहीत धरतो. पट्टा काम करतो, अगदी चोख करतो. माझं भांडण आहे ते त्याच्या वेल्क्रोशी, आणि ते भांडण शेवटपर्यंत चालणार आहे.

आधी हे बघा की पट्टा तुमच्यासाठी आहे का. स्लीप स्टडीच्या रिपोर्टवर एकूण एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा, ठळक छापलेला असतो. तो सोडा आणि खालचा स्थितीनुसार तक्ता शोधा. उताण्यावरचा एएचआय कुशीवरच्याच्या निदान दुप्पट असेल तर त्रास 'पोझिशनल' समजतात. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग घशात मागे पडतो, म्हणून हा फरक येतो. पण कुशीवरचा आकडाच पंधरा-वीसच्या घरात असेल, ऑक्सिजन बराच खाली जात असेल किंवा गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर पट्ट्यावर पैसे घालू नका. नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र लावलेलं असेल तर पट्टा आला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

टेनिस बॉलचं काय, हा प्रश्न येणारच. जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घालायचा, खर्च पन्नास-शंभर रुपये. युक्ती खरी आहे, पण चेंडू एका बिंदूवर टोचतो. त्यामुळे झोप मोडते आणि बहुतेक लोक काही महिन्यांत सोडून देतात. शिवाय चेंडू लहान असल्यामुळे माणूस त्याच्या बाजूने अर्धवट उताणा होतो. ठोकळा रुंद असतो, टोचत नाही, नुसता पलटू देत नाही. साडेचार हजार मोजायचं कारण तेवढंच.

आता वेल्क्रो. पट्टा काखेखाली, छातीच्या घेरावर बसला पाहिजे. पोटावर उतरला की ठोकळा कमरेच्या खळग्यात जातो आणि अडवायचं काम करत नाही. बसून बांधताना दोन बोटं आत जातील इतका घट्ट ठेवायचा. वेल्क्रोची आकड्यांची बाजू सुती बनियनचे तंतू ओढून घेते. तीन-चार आठवड्यांत आकडे लोकरीसारखे भरतात आणि पकड सैल होते. जुन्या टूथब्रशने किंवा बारीक दातांच्या फणीने ते खरवडून काढा, थोडे दिवस निभतं. मग समोरची मऊ बाजूच झिजते, तिला इलाज नाही. सेवा केंद्राचं उत्तर: 'तो वापराने झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही.' साडेचार हजारांच्या वस्तूत जो एकच भाग रोज उघडतो-मिटतो, तोच वॉरंटीबाहेर! गल्लीतल्या शिंप्याकडून पन्नास मिलिमीटर रुंदीचं नवं वेल्क्रो शिवून घेतलं तर किरकोळ पैशांत काम होतं. त्याहून बरं म्हणजे शाळेच्या दप्तराला असते तशी प्लॅस्टिकची क्लिप आणि सरकणारी कडी. झिजायला काही उरतच नाही.

पहिल्या महिन्याअखेर मी याला पाचपैकी चार तारे दिले होते. वजन उतरायला लागल्यावर हिशेब बदलला, आणि तो थोडा चमत्कारिक आहे.

वजन घटलं की श्वास थांबणं कमी होतं, यात वाद नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षं माणसांचा पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के वजन घटलं तर एएचआय सरासरी सव्वीस टक्क्यांनी घटेल असा अंदाज निघाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०२० च्या एमआरआय अभ्यासात या सुधारणेचा सर्वांत मोठा वाटा जिभेतली चरबी कमी होण्याचा दिसला. पण सुधारणा दोन्ही स्थितींत सारखी होत नाही. कुशीवरचा आकडा बहुधा आधी आणि प्रमाणाने जास्त उतरतो. उताण्यावरचा मागे रेंगाळतो, कारण चरबी गेली तरी जबड्याची ठेवण तीच राहते आणि जीभ खालीच पडते.

हे एका नमुन्यावर मांडतो. वजन ९२ किलो, झोप सात तास, त्यातली निम्मी उताणी. उताण्यावर एएचआय ३२, कुशीवर ८, म्हणजे एकूण २०. आता वजन ८३ वर आलं, उताण्यावर २६ आणि कुशीवर ४ झालं असं समजा. झोपायची सवय तीच राहिली तर एकूण १५, म्हणजे नऊ किलो उतरवूनही मध्यम गटाच्या उंबरठ्यावरच. पट्टा लावून पूर्ण रात्र कुशीवर काढली तर ४, म्हणजे पाचच्या खाली, सामान्य हद्दीत. आधी दोन स्थितींत चौपट फरक होता, तो आता साडेसहापट झाला. वजन उतरल्यावर पट्टा फेकायचा नसतो, उलट तेव्हाच तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आणि नेमका तेव्हाच तो सैल होतो. छातीचा घेर पाच-सात सेंटिमीटरने घटला की वेल्क्रोची दोन टोकं एकमेकांवर पूर्ण बसत नाहीत, कडा मोकळी राहते आणि ठोकळा रात्रीत काखेकडे सरकतो. वरच्या उदाहरणात पहाटेचा दीडच तास असा गेला तरी एकूण आकडा ४ वरून ८.७ वर जातो. प्रत्यक्षात जास्तच जाईल, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत ढिले असतात.

ओळखायचं कसं? सकाळी उठल्याउठल्या, पट्टा सोडण्याआधी, ठोकळा कुठे आहे ते हाताने चाचपा. मणक्यावर असेल तर ठीक, काखेखाली असेल तर रात्र वाया. झोपण्यापूर्वी कुशीवर पडून कुणाला तरी तो बाजूला ढकलायला सांगा. चार बोटांपेक्षा जास्त सरकला तर सैल आहे. उपाय शिंप्याकडेच: बनियनच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना पँटला असतात तसे तीन लूप शिवून पट्टा त्यांतून ओवायचा. पॉलिस्टरचा टी-शर्ट घालू नका, त्यावर पट्टा घसरतो.

उशी विसरू नका. कुशीवर झोपताना ती कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी जाड हवी, नाहीतर आठवड्याभरात खांदा धरतो. दोन उशा रचून हनुवटी छातीला टेकवू नका, त्याने घसा उलट दबतो.

वजन घटल्यावर पुन्हा तपासणी कराल तेव्हा एक फसगत टाळा. त्या रात्री तुम्ही योगायोगाने कुशीवरच झोपलात तर एकूण आकडा छान येतो आणि सगळं बरं झालं असं वाटतं. रिपोर्टवर उताण्यावरची मिनिटं बघा. ती दहा-पंधराच असतील तर त्या स्थितीबद्दल रिपोर्ट काहीच सांगत नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

सध्या तीन तारे. एक वेल्क्रोसाठी कापला, दुसरा 'वजन घटलंय तर लहान साइझ नवीन घ्या, पूर्ण किमतीला' या उत्तरासाठी. घेणार असाल तर तक्त्यात आपला घेर ज्या साइझच्या वरच्या टोकाला येतो ती निवडा. एम म्हणजे ९० ते १०५ असेल आणि तुमची छाती १०४ असेल, तर एमच घ्या. 'अंगाला सैल बरा' म्हणून एल घेतलात तर पहिल्या पाच किलोंनंतरच शिंप्याकडे जावं लागेल.