अंगाई, गाईगाई, आटपाट की गोधडी? झोपतानाच्या गोष्टींच्या अ‍ॅपचं नाव ठरवताना

एका मित्राच्या घरी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी गोष्टींचं ऑडिओ अ‍ॅप तयार होतंय. गोष्टी ध्वनिमुद्रित झाल्या, नावावर गाडी अडली. यादीत आता चारच नावं उरली आहेत. यातलं कुठलं घ्यावं, असं त्याने मला विचारलं. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

'अंगाई' सगळ्यांना आवडतं, आणि मी तेच आधी खोडलं. अंगाई हे गाणं, गोष्ट नव्हे. स्टोअरवर हा शब्द शोधणाऱ्या आईला गाणी हवी असतात. तिला ससा-कासव ऐकू आलं की ती अ‍ॅप काढून टाकणार. दुसरी अडचण ट्रेडमार्कची. वस्तूचं वर्णन करणारा शब्द १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली नाकारला जाऊ शकतो. झोपेच्या अ‍ॅपला 'अंगाई' म्हटलं की आक्षेपाला आयतंच कारण मिळतं.

'गाईगाई' ऐकायला गोड. तीन वर्षांचं पोरही ते स्पष्ट म्हणतं, कारण त्यात ना र आहे ना ळ. पण रोमन लिपीत gai gai लिहिलं की शोधात गाईगुरं येणार. शिवाय घरोघरी 'चल, गाईगाई कर' हा हुकूम असतो. झोपायचं नाही म्हणून गादीवर उड्या मारणारं मूल त्याच शब्दाचं अ‍ॅप आपणहून कशाला मागेल?

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे.

'आटपाट' म्हटलं की 'नगर होतं' हे शब्द आजीच्या तोंडून आपोआप येतात. श्रावणातल्या कहाण्यांची ही सुरुवात असल्याने इथे गोष्ट मिळणार, हे वेगळं सांगावं लागत नाही. (गोष्ट संपल्यावर अ‍ॅप आपोआप बंद करणाऱ्या बटणाला 'सुफळ संपूर्ण' म्हणा, असंही मी सुचवलं. मित्राला ते नावापेक्षा जास्त आवडलं.) पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे आवाज. दोन्ही ट टाळी वाजवल्यासारखे पडतात, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, दिवा मालवलेल्या खोलीत, हाच शब्द ऐकू येणार. लहान मुलं त्याचं 'आतपात' करतात ते सोडा, त्याने काही बिघडत नाही. दुसरी अडचण मोठी आहे: नागराज मंजुळे यांच्या चित्रपटनिर्मिती संस्थेचं नावच आटपाट आहे. ट्रेडमार्कमध्ये डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं आणि मनोरंजन वर्ग ४१ मध्ये. गोष्टींच्या अ‍ॅपला दोन्ही वर्ग लागतात, म्हणजे मनोरंजनाच्या वर्गात ओळखीच्या नावाशी गाठ पडणार. वकिलाला विचारल्याशिवाय या नावावर लोगोचाही खर्च करू नये.

'गोधडी'त गोष्टीचा उल्लेख नाही, आणि तेच तिच्या पथ्यावर पडतं. गोधड्या विकणाऱ्यासाठी हा शब्द निव्वळ वर्णन आहे. अ‍ॅपसाठी तो वर्णन ठरत नाही, म्हणून कलम ९ची भीती कमी. आजीच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली ऊब, तशाच तुकड्या-तुकड्यांच्या गोष्टी. कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात, पण गोधडी तिथेही कळते. ग, ध, ड हे सगळे घोष, जड आवाज; हळू म्हटलं तर शब्द अंगावर पांघरल्यासारखा वाटतो. मूल 'गोदली' म्हणेल, आणि म्हणू दे.

तिची खोट रोमन लिपीत आहे. बहुतेक आयाबाबा फोनवर इंग्रजी अक्षरांतच शोधतात, आणि एकाच शब्दाची godhadi, godhdi, godadi अशी रूपं होतात. 'आटपाट'चंही aatpat आणि atpat होतं, पण इथे घोळ जास्त. शिवाय शोधात पांघरुणांची दुकानं पुढे येतात. यावर उपाय आहे. अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये शोधशब्दांसाठी १०० अक्षरांची वेगळी जागा असते, तिथे ही रूपं भरावीत. गूगल प्लेवर तशी जागा नाही, पण शीर्षकाला ३० अक्षरं मिळतात. त्यात 'गोधडी: मराठी गोष्टी' बसतं, आणि नाव जे सांगत नाही ते उरलेले दोन शब्द सांगतात.

मित्राला मी गोधडी घ्यायला सांगितलं, पण एका अटीवर: आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ आणि ४१ मध्ये शोध घ्यायचा. नुसत्या स्पेलिंगचा नव्हे, उच्चारसाम्याचाही. तिथे तसा पर्याय आहे आणि तो फुकट आहे. कोणी आधीच हा शब्द घेतलेला निघाला, तर 'आटपाट'कडे न वळता 'वाकळ' तपासायची.