कमजोर नेटवर्कवरची नोंद: लगेच पुन्हा पाठवावी की रांगेत ठेवावी?

दूध संकलन केंद्रावरचं अँड्रॉइड अ‍ॅप घ्या. ४.५ लिटरची नोंद केली, ‘जतन करा’ दाबलं आणि रेंज गेली.

पहिला पर्याय म्हणजे जागेवरच पुन्हा प्रयत्न करणं. `OkHttp` मुळात उत्तराची १० सेकंद वाट पाहतं, मग टाइमआउट येतो. पण टाइमआउट म्हणजे नोंद पोचली नाही असं नव्हे. कित्येकदा ती सर्व्हरवर लिहिली गेलेली असते, फक्त उत्तर वाटेत हरवतं. अशा वेळी पुन्हा पाठवलं की ४.५ चे ९ लिटर होतात. शिवाय रांगेतला शेतकरी तोवर खोळंबतो, आणि अ‍ॅप बंद झालं तर नोंदच जाते.

दुसऱ्या पर्यायात नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाते. `WorkManager` ला `NetworkType.CONNECTED` ही अट घातली की नेटवर्क आल्यावर तो पाठवतो. पाठवणं फसलं आणि कामाने `Result.retry()` परत केलं, तर ३० सेकंदांपासून अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न होतो. दुप्पट नोंदीचा धोका मात्र इथेही आहेच. म्हणून नोंद तयार होतानाच तिला यूयूआयडी द्यायचा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा आणि सर्व्हरवर त्या रकान्याला युनिक अट लावायची. प्रत्येक प्रयत्नात नवा यूयूआयडी बनवणं ही मी सर्वाधिक पाहिलेली चूक.

माझं मत दूधनोंदीसाठी रांगेच्या बाजूने आहे, पण ‘पाठवायची बाकी’ ही खूण स्क्रीनवर दिसलीच पाहिजे. पैसे देताना मात्र रांग नको. तिथे शिल्लक तपासूनच होकार द्यावा लागतो.